डेल्फ बी२ तोंडी परीक्षा: परीक्षकाशी सभ्यपणे असहमत कसे व्हावे?

रानपाखरू

डेल्फ बी२ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेतल्या तोंडी भागाची तयारी करत आहे. परीक्षेचे स्वरूप मला ठाऊक आहे: दोन विषय चिठ्ठी उचलून मिळतात, त्यांतला एक निवडायचा, ३० मिनिटे तयारी करायची, मग ५ ते ७ मिनिटे आपले मत मांडायचे आणि उरलेला वेळ परीक्षकांशी चर्चा करायची. खोलीत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत साधारण २० मिनिटे. मत मांडण्याचा भाग मला जमतो, कारण तो बसून आखता येतो. अडचण आहे ती चर्चेची.

आमच्या शिक्षिका सरावात परीक्षकाची भूमिका घेतात आणि माझ्या प्रत्येक मुद्द्याला विरोध करतात. त्यांचे निरीक्षण असे, की विरोधी मुद्दा आला की मी एक तर "वू झावे रेझों", म्हणजे तुमचे बरोबर आहे, एवढे म्हणून गप्प बसते, किंवा "नों" म्हणून माझे आधीचेच वाक्य पुन्हा म्हणते. त्यांच्या मते यातली एकही गोष्ट म्हणजे चर्चा नव्हे. मोठ्या माणसाला, तेही गुण देणाऱ्या माणसाला, तोंडावर "मला पटत नाही" म्हणणे माझ्या जिभेला जड जाते, हेही खरे.

सध्या आमचा सरावाचा विषय आहे: शाळेत मोबाईलवर बंदी असावी का? मी बंदीच्या बाजूने बोलते. अशा वेळी सहमती आणि असहमती कशी व्यक्त करावी, यावर जाणकारांनी लिहावे. फ्रेंच वाक्ये देवनागरीतच लिहीत आहे, कारण माझ्या फोनवर फ्रेंच कळफलक नाही. उत्तरे देणाऱ्यांनीही तसेच लिहिले तर उच्चार वाचायला सोपे जाईल.

ओळंबा

माझी बी२ झालेली आहे, त्यामुळे अनुभवावरून सांगतो. पहिली गोष्ट, "ज न स्वी पा दाकोर", म्हणजे मी सहमत नाही, हे वाक्य परीक्षेत कधीही वापरू नये. ते फार थेट आहे आणि फ्रेंच माणसाला उद्धट वाटते. त्याऐवजी "आवेक तू ल रेस्पे क ज वू द्वा", म्हणजे तुमच्याबद्दल पूर्ण आदर बाळगून, अशी सुरुवात करावी आणि मग विरोध करावा.

दुसरी गोष्ट, मत सांगणाऱ्या प्रत्येक क्रियापदानंतर सब्जोंक्तिफ, म्हणजे शंका किंवा इच्छा दाखवणारे क्रियापदाचे रूप, लावावा. "ज पांस क", म्हणजे मला वाटते की, असे म्हटले की पुढे सब्जोंक्तिफ आलाच पाहिजे. परीक्षक त्याचीच वाट पाहत असतात. तिसरी गोष्ट, सहमतीचे पंधरा आणि असहमतीचे पंधरा वाक्प्रयोग तोंडपाठ करून ठेवावेत आणि आलटूनपालटून वापरावेत. मी तेच केले आणि उत्तीर्ण झालो.

अनुस्वार

मी फ्रेंच शिकवते आणि काही वर्षे डेल्फच्या तोंडी परीक्षांना परीक्षक म्हणून बसले आहे. ओळंबा यांचा प्रतिसाद वाचून थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यातले काही बरोबर आहे आणि काही पुढच्या विद्यार्थ्यांना अडचणीत आणील.

वाक्प्रयोग हाताशी असावेत हे बरोबर. मात्र "ज न स्वी पा दाकोर" हे वाक्य उद्धट नाही. फ्रेंच चर्चेत ते रोजचे आहे आणि परीक्षेतही चालते, एका अटीवर: त्याच श्वासात कारण यायला हवे. "ज न स्वी पा दाकोर" आणि मग पूर्णविराम, हे अंगावर येते. "ज न स्वी पा तुताफे दाकोर, पार्स क" म्हणजे मी पूर्णपणे सहमत नाही कारण, आणि पुढे कारण, हे अगदी सभ्य आहे. यातला "तुताफे" एवढाच शब्द धार कमी करतो. खरोखर टाळायची वाक्ये वेगळी आहेत. "वू झावे तोर", म्हणजे तुम्ही चूक आहात, आणि "से फो", म्हणजे हे खोटे आहे, ही दोन त्यांत पहिली. ती मुद्द्याकडून माणसाकडे वळतात. आणि ओळंबांनी सुचवलेले "आवेक तू ल रेस्पे" हे मी तरी सुचवणार नाही. ते व्याकरणाने शुद्ध आहे, पण ऐकणाऱ्याला कळते की आता हल्ला येणार. परीक्षकाशी पहिल्यांदाच बोलणाऱ्या उमेदवाराच्या तोंडी ते नाटकी वाटते.

सब्जोंक्तिफबद्दल. "ज पांस क" या होकारार्थी रूपानंतर साधा ॲंदिकातिफच, म्हणजे क्रियापदाचे नेहमीचे रूप, येतो: "ज पांस क से न्येसेसेर", म्हणजे मला वाटते की हे आवश्यक आहे. सब्जोंक्तिफ येतो तो नकारात: "ज न पांस पा क स स्वा न्येसेसेर". म्हणजे असहमती दर्शवतानाच तो लागतो, सहमती दर्शवताना नाही. ज्याला ते रूप ऐन वेळी आठवत नाही त्याने वाट वळवावी: "आ मोनावी, स ने पा न्येसेसेर", माझ्या मते हे आवश्यक नाही. अर्थ तोच, सब्जोंक्तिफची गरज नाही. मात्र "आ मोनावी, ज पांस क" असे दोन्ही एकत्र म्हणू नये, एकदाच मत सांगितले म्हणजे पुरते.

आता रानपाखरू यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या शिक्षिका विरोध करतात, कारण प्रत्यक्ष परीक्षेतही तेच होते. परीक्षकाला तुमचे मत पटलेले असो वा नसो, तो दुसरी बाजू घेतो. तुमच्या मताला गुण नसतात, बंदीच्या बाजूने बोललात म्हणून एक गुण जास्त आणि विरोधात बोललात म्हणून एक कमी असे काही नाही. पाहिले जाते ते हे, की तुम्ही आपले मत पक्के करता का, त्याला मर्यादा घालता का, आणि समोरच्याच्या म्हणण्याला उत्तर देता का. गप्प बसल्याने यातले काहीच दिसत नाही आणि तेच वाक्य पुन्हा म्हटल्याने फक्त पहिले थोडेसे दिसते.

तुमचाच विषय घेऊ. परीक्षक म्हणतात: पालकांना मुलांशी संपर्क साधता आला पाहिजे, नाही का? इथे उमेदवाराला वाटते की दोनच दारे आहेत, हो आणि नाही. प्रत्यक्षात परीक्षकांच्या वाक्यात दोन गोष्टी असतात: एक चिंता आणि तिच्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष. चिंता मान्य करा, निष्कर्षाला नकार द्या. फ्रेंचमध्ये असे: "ज वू रज्वॅं स्यूर स प्वॅं, इल ए व्रे क ले पारां सॅंक्येत. सपांदां, इल प्यव्ह आप्ले लेकोल." म्हणजे या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत आहे, पालकांना काळजी वाटते हे खरे, तरीही ते शाळेत फोन करू शकतात. इथे "इल ए व्रे क" हे मुद्दाम घेतले आहे, कारण त्याच्यामागे ॲंदिकातिफ येतो आणि चूक होण्याची जागा कमी होते. "ब्यॅं क" घेतले तर सब्जोंक्तिफ सांभाळावा लागतो. ज्याला तो सहज येतो त्याने खुशाल घ्यावे.

दोन वाक्यांत काम झाले, पण तिथे थांबू नका. "सपांदां" नंतर एक वाक्य अपुरे पडते, कारण परीक्षक वाट पाहतो की आता कारण येईल. कारण द्या, एखादा प्रसंग द्या आणि मग थांबा. उत्तर साधारण चार-पाच वाक्यांचे असावे, त्याहून लांब भाषण नको, कारण ती चर्चा आहे.

कॅनडाकडे

मला प्रश्न नीट कळला असेल तर विषय तोंडी परीक्षेत समोरच्याला पटवण्याचा आहे. मी टीईएफ कॅनडा या फ्रेंचच्या दुसऱ्या परीक्षेची तयारी करत आहे, त्यातही पटवण्याचा भाग आहे, १० मिनिटांचा. आमच्या शिक्षकांनी सांगितले की तिथे "वू", म्हणजे तुम्ही, वापरायचे नाही, "त्यू", म्हणजे तू, वापरायचे, आणि इतके औपचारिक बोलायचे नाही. "ज वू रज्वॅं" वगैरे तिथे विचित्र वाटेल. मग रानपाखरू यांनीही "त्यू" वापरावे का? आणि "मे नों, एकूत!", म्हणजे अरे नाही, ऐक, अशी सुरुवात करायला आम्हाला शिकवले आहे, ती इथे चालेल का?

अनुस्वार

नाही, ही वेगळी परीक्षा आहे, म्हणून गोंधळ होतो आहे. टीईएफच्या त्या भागात परीक्षक तुमच्या मित्राची भूमिका करतो आणि तुम्ही त्याला एखादी गोष्ट करायला राजी करता, म्हणून "त्यू" योग्य. डेल्फ बी२च्या चर्चेत परीक्षक परीक्षकच राहतो, म्हणून शेवटपर्यंत "वू". मध्येच "त्यू" निसटले तर ते ठळकपणे ऐकू येते. "मे नों, एकूत" मित्राला शोभते, परीक्षकाला नाही.

मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, ती म्हणजे समोरच्याच्या शंकेला आधी हात घालणे. मित्र म्हणाला की मला वेळ नाही, तर "मला कळते, तुझ्याकडे काम आहे" हे आधी आणि मग तुमचा मुद्दा. म्हणजे तुमचा सराव वाया जात नाही, फक्त सर्वनाम आणि सूर बदलायचा.

रानपाखरू

फार उपयोगी पडले. मी दुसऱ्या आक्षेपावर उत्तर लिहून पाहिले आहे. शिक्षिकांचा आक्षेप होता: बंदी घालणे म्हणजे किशोरवयीन मुलांना बाळासारखे वागवणे नाही का? माझे उत्तर असे:

"आनेफे, ज न पांस पा. ले झेलेव्ह सों दिस्त्रे. सेर्त, इल सों ग्रां, मे इल झों ब्यझ्वॅं द रेग्ल."

म्हणजे मला म्हणायचे आहे की खरे तर मला तसे वाटत नाही, विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होते, ते मोठे आहेत हे मान्य, पण त्यांना नियमांची गरज आहे.

अनुस्वार

उत्तराचा आराखडा चांगला आहे, "सेर्त" आणि "मे" ही जोडी नेमकी बसली आहे. पण पहिलाच शब्द तुमच्या विरुद्ध जातो. "आनेफे" म्हणजे खरोखरच, तसेच आहे. तो समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. परीक्षकाच्या कानांत तुम्ही "हो, तुमचे अगदी खरे" असे म्हणालात आणि लगेच "मला तसे वाटत नाही" असेही. तुम्हाला हवा होता "आं फेत", जो आधीची समजूत दुरुस्त करतो. दोघांचे लिखाण आणि उच्चार इतके जवळ आहेत की दर परीक्षेत एक-दोघे यात अडकतात. शंका असेल तर दोन्ही सोडा आणि "ज दिरे प्ल्यूतो क", म्हणजे मी उलट असे म्हणेन की, अशी सुरुवात करा. यात "दिरे" हे कोंदिस्योनेल, म्हणजे "म्हणेन" ऐवजी "म्हटले असते" अशा छटेचे रूप, आहे, म्हणून आपोआप सौम्यपणा येतो, आणि "प्ल्यूतो" असल्याने नकार न उच्चारता नकार पोचतो.

दुसरे असे, की "ज न पांस पा" इथे वाक्य तुटते आहे. कशाबद्दल वाटत नाही ते सांगा. या आक्षेपासाठी माझ्या आवडीचा एक शब्द आहे, "ज्यूस्तमां". परीक्षक म्हणतात, मुले मोठी आहेत. तुम्ही म्हणता, "ज्यूस्तमां", म्हणजे अगदी तेच कारण आहे. मोठी होत आहेत म्हणूनच लक्ष एकाग्र करायला शिकण्याची ही वेळ आहे. समोरच्याचाच मुद्दा उचलून आपल्या बाजूला ठेवण्याचे काम तो एक शब्द करतो. पण तो एकाच चर्चेत एकदाच वापरा. प्रत्येक उत्तर त्यानेच सुरू झाले तर चतुराई दिसते, संवाद दिसत नाही.

तिसरा आक्षेपही येणार हे धरून चला. सहसा परीक्षक तुमच्या मताच्या टोकाला हात घालतात: मग मोठ्या मुलांचे काय, माध्यमिक शाळा संपल्यावरही हीच बंदी का? इथे मत थोडे आवरते घेण्यात कमीपणा नाही, उलट तेच अपेक्षित आहे. फ्रान्समध्ये २०१८च्या कायद्याने प्राथमिक शाळा आणि कोलेज, म्हणजे साधारण ११ ते १५ वयाच्या मुलांच्या शाळा, यांत मोबाईल वापरण्यास मनाई झाली. त्यानंतरच्या लिसेला त्या कायद्याने तशी सरसकट सक्ती केली नाही, तिथे बंदी घालायची की नाही हे शाळेच्या नियमावलीवर सोडले. म्हणजे त्या कायद्याने जी रेषा आखली ती तुम्हालाही आखता येते: "पूर ल लिसे, ज स्रे प्ल्यू सूप्ल", म्हणजे लिसेसाठी मी अधिक लवचिक राहीन. हे मत सोडणे नव्हे, मताची हद्द सांगणे आहे.

ओळंबा

सब्जोंक्तिफबद्दलची दुरुस्ती मान्य. पण एक विचारतो. "इल म सांब्ल क", म्हणजे मला असे वाटते की, यामागे सब्जोंक्तिफ लागतो असे मी वाचले आहे. तो आमच्या यादीत होता.

अनुस्वार

"इल सांब्ल क" मागे बहुधा लागतो. "इल म सांब्ल क" मागे ॲंदिकातिफ, कारण "म" आल्यावर ते वक्त्याचे स्वतःचे मत होते. यादीत दोघे शेजारी असले की सरमिसळ होते. म्हणूनच मी तीस वाक्प्रयोगांऐवजी सहा-सात पूर्ण ओळी पक्क्या करायला सांगते, मागच्या क्रियापदासकट.

तिसरी घंटा

चर्चा वाचली. मला एक वेगळीच अडचण येते, ती इथेच मांडते. परीक्षक प्रश्न नकारार्थी विचारतात: "वू न पांसे पा क...", म्हणजे तुम्हाला असे वाटत नाही का की. मराठीत अशा प्रश्नाला मी नकळत "हो" म्हणते, "हो, नाही वाटत" असा माझा अर्थ असतो. सरावात मी "वी" म्हणाले आणि पुढे माझी सगळी कारणे उलट्या बाजूची होती. समोरचे शिक्षक गोंधळले. हे फक्त माझेच आहे का?

अनुस्वार

नाही, आपल्याकडच्या उमेदवारांची ही ओळखीची अडचण आहे आणि तिला शब्दसंपत्तीचा नव्हे, सवयीचा इलाज लागतो. आपण मराठीत बोलणाऱ्याच्या वाक्याला दुजोरा देतो: त्याने नकार दिला, आपल्याला तो पटला, म्हणून "हो". फ्रेंचमध्ये उत्तर वस्तुस्थितीला धरून असते. तुम्हाला तसे वाटत नसेल तर "नों". तुम्हाला वाटत असेल, म्हणजे प्रश्नातला नकार मोडायचा असेल, तर "सि". "वी" अशा प्रश्नाला बसत नाही आणि ते ऐकले की ऐकणारा थबकतो.

सोपी युक्ती अशी, की "सि" किंवा "नों" या एका शब्दावर अवलंबून राहूच नका. लगेच पूर्ण वाक्य म्हणा: "सि, ज पांस क", किंवा "नों, ज न पांस पा क". पहिला शब्द चुकला तरी दुसरे वाक्य परीक्षकाला बाजू सांगते. आणि एखादा प्रश्न नकाराचा आहे की होकाराचा हेच कळले नसेल, तर "सि ज कोंप्रां ब्यॅं, वू द्मांदे सि", म्हणजे मला नीट समजले असेल तर तुम्ही विचारता की, असे म्हणून प्रश्न स्वतःच्या शब्दांत उभा करा. त्याने गुण कमी होत नाहीत, उलट समोरच्याचे म्हणणे पारखून घेण्याची क्षमता दिसते. मात्र प्रत्येक प्रश्नाला असे केले तर परीक्षकाला वाटते की ऐकू येण्यातच अडचण आहे.

मेघमल्हार

मी परीक्षा दिलेली नाही, पण फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर काम करतो, म्हणून एक भर घालतो. त्यांच्या बैठकीत मला आधी धक्का बसला होता, कारण लोक एकमेकांना अडवतात, अर्ध्यावर "नों, मे" म्हणतात आणि पाच मिनिटांनी एकत्र कॉफी पितात. त्यामुळे इतके सौम्य वागण्याची खरोखर गरज आहे का, असा प्रश्न पडतो. फ्रेंच माणसाला चर्चा आवडते, मवाळपणा कंटाळवाणा वाटतो.

आणि "दाकोर" बद्दल. ते लोक मी काही बोललो की "दाकोर" म्हणतात आणि मग माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध बोलतात. सुरुवातीला मला वाटे की ते सहमत आहेत.

अनुस्वार

"दाकोर" बद्दल तुमचे निरीक्षण अगदी नेमके. एकटे "दाकोर" म्हणजे "ठीक, ऐकले"; मान्यता येते ती "ज स्वी दाकोर" या पूर्ण वाक्याने. उमेदवार परीक्षकाच्या प्रत्येक वाक्यावर "दाकोर, दाकोर" म्हणत राहतो आणि मग विरोध करतो, यात चूक काही नाही, पण सतत ऐकले की कान थकतात. एखादे "ज वोआ", म्हणजे कळले, मध्ये टाकून बदल करता येतो.

बैठकीचा मुद्दा मात्र मी तसाच स्वीकारणार नाही. सहकाऱ्यांमध्ये नाते असते, त्यांच्यात अडवणे चालते. परीक्षकाशी तुमचे नाते २० मिनिटांचे असते. आणखी एक म्हणजे परीक्षेत सौम्यता मोजली जाते ती भाषेच्या कसबासाठी, स्वभावासाठी नाही. "मे नों" सगळ्यांना येते. "ज न स्वी पा स्यूर क स स्वा ला मेय्यर सोल्यूस्यों", म्हणजे तो सर्वोत्तम उपाय आहे याबद्दल मला खात्री नाही, असे म्हणणाऱ्याकडे बी२ची भाषा दिसते, कारण शंका, सब्जोंक्तिफ आणि तुलना तिन्ही एका वाक्यात बसल्या. पण परीक्षक बोलत असताना मध्येच बोलू नये, यावर माझे मत ठाम आहे. त्यांचे वाक्य संपेपर्यंत थांबावे, आणि घुसावेच लागले तर "पेर्मेते-म्वा द प्रेसिझे", म्हणजे थोडा खुलासा करू द्या, असे म्हणावे.

ओळंबा

मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. माझ्या परीक्षेत परीक्षक खूप बोलत होते, त्यांनी स्वतःच लांब प्रश्न विचारले. मी थांबत बसलो असतो तर मला बोलायला वेळच उरला नसता. मी दोनदा मध्ये शिरलो आणि मला चर्चेसाठी चांगले गुण मिळाले.

अनुस्वार

परीक्षक लांब बोलत असतील तर तो परीक्षकाचा दोष आहे, उमेदवाराचा नाही, आणि तुम्ही नेमके कोणत्या शब्दांनी शिरलात यावर बरेच अवलंबून असणार. मला आठवतात ते उमेदवार, ज्यांनी परीक्षकाचे वाक्य अर्धेच ऐकून उत्तर दिले आणि ते उत्तर भलत्याच प्रश्नाचे निघाले. पण तुमचा अनुभव खोटा म्हणणार नाही.

रानपाखरू

आणखी एक शंका. चर्चेत परीक्षकाने एखादा मुद्दा असा मांडला की तो मला मनापासून पटला, तर काय करावे? मत बदलले असे सांगावे का, की आपलीच बाजू शेवटपर्यंत लढवावी? शिक्षिका म्हणतात लढवावी. मला ते अप्रामाणिक वाटते.

मेघमल्हार

पटले असेल तर सांगावे. प्रामाणिकपणा दिसतो आणि वाक्यही सोपे आहे, "वू मावे कोंव्हॅंक्यू", तुम्ही मला पटवले.

अनुस्वार

वाक्य सोपे आहे, पण त्यानंतर चर्चा संपते, आणि वेळ उरलेला असेल तर परीक्षक काय विचारणार? प्रामाणिकपणाला वाट ठेवायची असेल तर तो मुद्दा मान्य करा आणि मतावर झालेला परिणाम सांगा: "स प्वॅं म फे रेफ्लेशीर, मे", म्हणजे हा मुद्दा मला विचार करायला लावतो, पण. त्यानंतर तुमची बाजू थोडी आवरून मांडा. संपूर्ण बाजू बदलणे मी तरी सुचवत नाही, कारण आधी मांडलेले सगळे पुन्हा पहिल्यापासून उभारावे लागते आणि त्यासाठी तयारीची ३० मिनिटे आता मागे राहिलेली असतात. काही परीक्षकांना ते आवडू शकेल, इतके मान्य करते.

तिसरी घंटा

मी दोघांच्या मधे आहे. माझ्या एका ओळखीच्या बाईंनी मत बदलले आणि उत्तीर्ण झाल्या, पण त्यांची फ्रेंच इतकी पक्की आहे की त्या काहीही बोलल्या असत्या तरी उत्तीर्ण झाल्या असत्या, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

रानपाखरू

सरावाची पद्धत कोणी सांगेल का? घरी समोर विरोध करायला कोणी नाही.

अनुस्वार

विरोधी वाक्ये स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा, प्रत्येकानंतर अर्ध्या मिनिटाची मोकळी जागा सोडा. विषय तुमचाच ठेवा: पालकांचा संपर्क, मुलांचे वय, फोनचा अभ्यासासाठी उपयोग, नियम पाळून घेण्याचा शिक्षकांवरचा भार. मुद्रण सुरू करा आणि मोकळ्या जागेत उत्तर द्या. आधी समोरच्याचे काय मान्य ते, मग "सपांदां" किंवा "मे", मग कारण. प्रत्येक वेळी मान्य करण्याचे वाक्य वेगळे घ्या. काही दिवसांनी उत्तरे ऐका आणि तपासा, की कुठे "आनेफे" आले, कुठे नकारानंतर सब्जोंक्तिफ गळला आणि कुठे "मे" नंतर कारणच आले नाही. तिसरी चूक सगळ्यांत जास्त वेळा सापडेल, हे आधीच सांगते.

कॅनडाकडे

हेच मी "त्यू" लावून करून पाहतो. मित्राचे आक्षेप मात्र वेगळे लिहावे लागतील.